धडा : अर्धा निरोप आणि कुरिअर कचेरीचा ईमेल

मंडळी, आज आपण एक पत्र वाचणार आहोत. हे पत्र कागदावरचे नाही. ते मोबाइलवर आलेले आहे. अशा पत्राला ईमेल म्हणतात. हे पत्र कुरिअरच्या कचेरीने पाठवले आहे. पार्सल पाठवणाऱ्याने पत्ता कळवला, पण तो अर्धाच पोचला. पुढचा मजकूर आलाच नाही. मग कचेरीने काय लिहिले, ते पत्र खरे की खोटे हे कसे ओळखायचे, आणि त्याला उत्तर काय द्यायचे, हे आपण पाहू.

१. पाकीट गेले, पत्ता राहिला

समजू या, विट्याजवळच्या एका गावात सखाराम जाधव नावाचा शेतकरी आहे. त्याची मुलगी मंगल परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. ती पुणे जिल्ह्यात वडगावला एका खोलीत भाड्याने राहते. तिला शाळा सोडल्याचा मूळ दाखला शुक्रवारी कचेरीत दाखवायचा आहे. दाखला तर घरी पेटीत राहिला. नक्कल चालत नाही. मूळ कागदच लागतो.

सोमवारी सकाळी सखाराम बाजाराला म्हणून विट्याला गेला. त्याने दाखला जाड पाकिटात घातला आणि कुरिअरच्या कचेरीत दिला. पण मंगलचा नवा पत्ता त्याच्याजवळ नव्हता. तो किसनच्या, म्हणजे मुलाच्या मोबाइलमध्ये होता.

सखाराम म्हणाला, "साहेब, पाकीट ठेवून घ्या. पत्ता मुलगा ईमेलने कळवील."

कारकुनाने पाकिटाचे वजन केले, पैसे घेतले आणि पावती दिली. पावतीचा क्रमांक होता २७१८. पाकिटावर त्याने तोच क्रमांक लिहिला आणि ते बाजूच्या फळीवर ठेवले. पावतीच्या मागे कचेरीचा ईमेलचा पत्ता आणि फोन नंबर छापलेला होता. सखारामने घरी येऊन पावती किसनला दिली. किसनने दुपारी बारा वाजता ईमेल लिहिला. तो असा होता :

"सप्रेम नमस्कार. पावती क्रमांक २७१८. आमचे पाकीट पुढील पत्त्यावर पाठवावे.
कु. मंगल सखाराम जाधव,
मु. पो. वडगाव,"

एवढेच. वडगाव या शब्दापुढे स्वल्पविराम आहे. स्वल्पविराम म्हणजे पुढे आणखी काही आहे. पण पुढे काहीच नाही. तालुका नाही, जिल्हा नाही, पिनकोड नाही, मंगलचा मोबाइल नंबरही नाही.

किसनला मात्र वाटले, पत्ता गेला. तो मोबाइल घरी ठेवून उसाला पाणी द्यायला शेतावर गेला.

२. कचेरीचे पत्र

कचेरीतल्या बाईंनी किसनचा निरोप वाचला. पत्ता अर्धा आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. पावतीवर सखारामचा नंबर होता. त्यांनी फोन लावला. सखारामही शेतावर होता आणि तिथे रेंज नव्हती. फोन लागला नाही. मग दीड वाजता त्यांनी ईमेल लिहिला. तो आपण सावकाश वाचू :

"विषय : पावती क्रमांक २७१८ : पत्ता अपुरा आहे

श्री. सखाराम जाधव यांस,
स. न. वि. वि.

आपले पाकीट आज सकाळी आमच्या विटा कचेरीत जमा झाले आहे. ते आमच्याजवळ सुरक्षित आहे. आपला दुपारी १२ वाजताचा निरोप मिळाला. त्यातली शेवटची ओळ 'मु. पो. वडगाव,' अशी आहे. त्यापुढील मजकूर आम्हांस मिळालेला नाही.

वडगाव नावाची गावे अनेक आहेत. त्यामुळे पाकीट पुढे पाठवता येत नाही. कृपया याच ईमेलला उत्तर देऊन पूर्ण पत्ता पुन्हा लिहावा. त्यात घराची खूण, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि पाकीट घेणाऱ्याचा मोबाइल नंबर असावा.

आमची गाडी रोज सायंकाळी ६ वाजता सुटते. ५ वाजेपर्यंत पत्ता मिळाल्यास पाकीट त्याच दिवशी निघेल आणि दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी पोचेल. यासाठी वेगळे पैसे नाहीत. काही शंका असल्यास पावतीवरील नंबरवर फोन करावा.

कळावे,
व्यवस्थापक, विटा कचेरी"

हे पत्र चांगले का आहे, ते पाहा. पहिल्याच ओळीत पावतीचा क्रमांक आहे. म्हणजे कोणत्या पाकिटाविषयी पत्र आहे, ते कळते. पाकीट कुठे आहे हे सांगितले आहे. त्यामुळे घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग किसनची शेवटची ओळ जशीच्या तशी लिहिली आहे. निरोप कुठे तुटला, हे त्यावरून बरोबर कळते. "आपला पत्ता चुकला" एवढेच लिहिले असते, तर किसनने चूक कुठे शोधली असती? शेवटी, काय हवे आणि किती वाजेपर्यंत हवे, हे सांगितले आहे.

३. हे पत्र खरे कशावरून?

किसनने हा ईमेल रात्री आठ वाजता पाहिला. सहाची गाडी निघून गेली होती. त्याने तो बापाला वाचून दाखवला.

सखाराम म्हणाला, "किसन, जरा थांब. पत्ता अपुरा आहे म्हणून सांगतात आणि लोकांचे पैसे काढून घेतात, असे ऐकले आहे. हे तसलेच नसेल ना?"

"आबा, तुमचे बरोबर आहे. आधी पाहू या," किसन म्हणाला.

सखारामचा संशय वावगा नव्हता. २०२४ साली पुष्कळ लोकांच्या मोबाइलवर भारतीय टपाल खात्याच्या नावाने एक निरोप येत होता. तुमचे पार्सल गोदामात आले आहे, आम्ही दोनदा पोचवायचा प्रयत्न केला, पण पत्ता अपुरा असल्यामुळे पोचवता आले नाही, अमुक तासांच्या आत खालच्या दुव्यावर जाऊन पत्ता भरा, असा त्याचा मजकूर होता. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने हा निरोप खोटा आहे, असे त्या वेळी जाहीर केले.

अशा खोट्या निरोपाची चाल ध्यानात घ्या. दुवा म्हणजे निरोपातली निळी ओळ. तिच्यावर बोट टेकले, की दुसरे पान उघडते. त्या पानावर आधी नाव आणि पत्ता विचारतात. मग पार्सल पुन्हा पाठवण्यासाठी थोडेसे पैसे भरायला सांगतात. रक्कम लहान असते, म्हणून माणूस विचार करत नाही. पण चोराला त्या थोड्या पैशांत गोडी नसते. त्याला बँकेच्या कार्डाचा नंबर आणि मोबाइलवर येणारा ओटीपी हवा असतो. ते मिळाले की तो खात्यातले पैसे काढून घेतो.

किसनने कचेरीचा ईमेल आणि पावती शेजारी शेजारी ठेवली. त्याने चार गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट, पत्रातला क्रमांक २७१८ आणि पावतीवरचा क्रमांक एकच आहे का? होता. खोट्या निरोपात बहुधा नुसते "तुमचे पार्सल" असे असते, कारण चोराजवळ पावती नसते.

दुसरी गोष्ट, ज्या पत्त्यावरून ईमेल आला, तो पावतीच्या मागे छापलेल्या पत्त्याशी जुळतो का? किसनने एकेक अक्षर लावून पाहिले. नुसते कंपनीचे नाव पाहून भागत नाही. वर मोठ्या अक्षरात कोणतेही नाव लिहिता येते. खरा पत्ता त्या नावाखाली असतो, आणि त्यातही @ या चिन्हाच्या पुढचा भाग नीट पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट, निरोपात आपलेच शब्द परत आले आहेत का? "मु. पो. वडगाव," ही ओळ किसनने स्वतः लिहिली होती. ती कचेरीवाचून दुसऱ्या कोणाकडे गेलेली नव्हती.

चौथी गोष्ट, पैसे, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागितला आहे का? नाही. नुसता पत्ता मागितला आहे, आणि तोही उत्तरात लिहायला सांगितला आहे.

तरीही सखारामचे समाधान होईना. तेव्हा दोघांनी सकाळी कचेरीला फोन करायचे ठरवले. फोन करताना नंबर पावतीवरचा घ्यायचा, निरोपातला घ्यायचा नाही. निरोप खोटा असला, तर त्यातला नंबरही चोराचाच असतो.

चुकून कोणी पैसे भरले किंवा ओटीपी सांगितला, तर गप्प बसू नये. लगेच १९३० या नंबरवर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. जितका उशीर होतो, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात आणि अडवणे अवघड होते. तक्रार cybercrime.gov.in या सरकारी ठिकाणीही लिहून देता येते.

४. कचेरीने अंदाज का केला नाही?

रात्री जेवताना सखारामची बायको म्हणाली, "अहो, वडगाव म्हणजे वडगाव. त्यांनी पाठवून द्यायचे. विचारत कशाला बसले?"

तिचे म्हणणे सरळ वाटते. पण वडगावे किती आहेत, ते पाहा. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव आहे. त्याचा पिनकोड ४१६११२. पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात वडगाव आहे. त्याचा पिनकोड ४१२१०६. पुणे शहरात वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव शेरीही आहे. याशिवाय महाराष्ट्रात लहान लहान वडगावे ठिकठिकाणी आहेत.

विट्याच्या माणसाला वडगाव म्हटले की कोणते आठवेल? जवळचे पेठ वडगाव आठवेल. कारकुनाने अंदाजाने ते धरले असते, तर पाकीट कोल्हापूरच्या गाडीत चढले असते. मंगल तर मावळात, पुण्याच्या पलीकडे. गाडी एका दिशेला आणि मुलगी दुसऱ्या दिशेला! पाकीट तिकडे जाऊन, माणूस न सापडून, परत विट्याला येईपर्यंत शुक्रवार उलटून गेला असता. एक दिवस थांबलेले पाकीट वेळेवर पोचू शकते. चुकीच्या वाटेला लागलेले पाकीट पोचत नाही.

ही अडचण नवी नाही. एकाच नावाची गावे, निरनिराळ्या भाषा आणि निरनिराळी अक्षरे यांमुळे टपाल चुकत असे. म्हणून टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू केला. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखली. पुढे खासगी कुरिअरवालेही हाच पिनकोड वापरू लागले.

पिनकोडात सहा आकडे असतात. मावळातल्या वडगावचा ४१२१०६ घ्या. पहिला आकडा ४. हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या भागाचा. पहिले तीन आकडे मिळून ४१२. त्यावरून टपाल कोणत्या वाटेला लावायचे ते ठरते. ४१२ म्हणजे पुणे शहराबाहेरचा पुणे जिल्ह्याचा बराच भाग, आणि त्याला लागून असलेला साताऱ्याचा वाई-महाबळेश्वरकडचा भाग. शेवटचे तीन आकडे १०६. ते ज्या टपाल कचेरीतून पत्र वाटले जाते, तिचे आकडे.

आता पेठ वडगावचा ४१६११२ शेजारी ठेवा. पहिले दोन आकडे सारखेच आहेत. तिसऱ्या आकड्यावर वाट फुटते. २ असेल तर पुण्याकडे, ६ असेल तर कोल्हापूरकडे. एक आकडा चुकला, तरी पाकीट दुसऱ्या जिल्ह्यात जाते, ते असे.

५. निरोप कुठे तुटला?

मंगळवारी सकाळी कचेरी उघडताच सखारामने पावतीवरच्या नंबरवर फोन केला.

बाई म्हणाल्या, "होय काका, पत्र आमचेच आहे. तुमचे पाकीट इथे समोर फळीवर आहे. तेवढा पत्ता पाठवा."

आता पत्ता पाठवायचा. पण आधी तो कुठे तुटला, हे कळले पाहिजे. नाहीतर पुन्हा तसाच तुटायचा. यासाठी एक सोपी तपासणी आहे. आपण पाठवलेले ईमेल मोबाइल जपून ठेवतो. ते "पाठवलेले" या कप्प्यात असतात. इंग्रजीत तिथे Sent असे लिहिलेले असते. तो कप्पा उघडून आपलाच निरोप वाचायचा. तिथे निरोप पूर्ण असेल, तर तो वाटेत किंवा कचेरीत तुटला. तिथेही अर्धा असेल, तर आपल्याकडूनच तो अर्धा निघाला.

किसनने पाहिले. तिथेही निरोप वडगावपाशीच संपत होता. मग त्याने मंगलचा मूळ निरोप उघडला. मंगलने पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, पण दोन तुकड्यांत. पहिल्या तुकड्यात नाव आणि "मु. पो. वडगाव," एवढे होते. दुसऱ्या तुकड्यात बाकीचा पत्ता. किसनने पहिल्या तुकड्यावर बोट दाबून तो उचलला आणि ईमेलमध्ये उतरवला. दुसरा तुकडा खालीच राहिला. ज्या तुकड्यावर बोट दाबले, तेवढाच मोबाइल उचलतो, तो पूर्ण पत्ता आहे की नाही हे त्याला कळत नाही.

निरोप तुटण्याची आणखीही कारणे असतात. लिहिता लिहिता अंगठा पाठवण्याच्या बाणावर पडतो आणि अर्धाच निरोप निघून जातो. साध्या एसएमएसची गोष्ट वेगळी. मराठी अक्षरांत लिहिले, तर एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात. काना, मात्रा, वेलांटी आणि मोकळी जागा यांचीही त्यात गणना होते. पत्ता लांब असला तर त्याचे दोन-तीन भाग होऊन जातात, आणि एखादा भाग मागे राहिला की पत्ता अपुरा पोचतो. म्हणून लांब पत्ता एसएमएसने पाठवला, तर तो पूर्ण मिळाला का, हे विचारून घ्यावे.

६. उत्तर कसे लिहिले?

किसनने कचेरीचाच ईमेल उघडला आणि खाली "उत्तर द्या" यावर बोट टेकले. इंग्रजीत तिथे Reply असते. नवा ईमेल लिहिला नाही. उत्तर दिले म्हणजे आधीचा पत्रव्यवहार आणि पावतीचा क्रमांक बरोबर जातो. कचेरीत दुसरा माणूस बसलेला असला, तरी त्याला सगळे एकत्र दिसते.

राहिलेला भाग तेवढाच लिहावा, असे किसनच्या मनात आले होते. पण त्याने पत्ता पहिल्यापासून पूर्ण लिहिला. कचेरीनेही तसेच सांगितले होते. अर्धा पत्ता एका पत्रात आणि अर्धा दुसऱ्या पत्रात असला, तर जोडणारा माणूस गोंधळतो. त्याने लिहिलेले उत्तर असे :

"स. न. वि. वि.
पावती क्रमांक २७१८. पूर्ण पत्ता पुढीलप्रमाणे आहे. आधीचा पत्ता रद्द समजावा.

कु. मंगल सखाराम जाधव,
विठ्ठल मंदिरामागे, पिठाच्या गिरणीवरची खोली,
मु. पो. वडगाव, ता. मावळ, जि. पुणे,
पिनकोड ४१२१०६.

पाकिटात मूळ दाखला आहे. तो शुक्रवारी सकाळी लागणार आहे. पत्ता पूर्ण मिळाल्याचे कळवावे.
पत्ता समाप्त."

पिनकोडाखाली त्याने मंगलचा मोबाइल नंबरही लिहिला. तो आम्ही इथे छापलेला नाही.

शेवटी "पत्ता समाप्त" असे का लिहिले? हे दोन शब्द पोचले, म्हणजे त्याच्या वरचे सगळे पोचले. ते दोन शब्द दिसले नाहीत, तर वाचणाऱ्याला कळते की निरोप पुन्हा तुटला.

पाठवण्याआधी किसनने पिनकोड मोठ्याने वाचला, "चार, एक, दोन, एक, शून्य, सहा." सखाराम मंगलच्या निरोपावर बोट ठेवून जुळवत होता. पिनकोड असा एकेक आकडा वाचावा. हाताने कागदावर लिहिताना १ आणि ९ नीट वेगळे काढावेत. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच पिनकोडात मिसळू नयेत.

पिनकोड ठाऊक नसेल, तर तो मनाने लिहू नये. ज्याला पाकीट जायचे, त्यालाच विचारावे. आपल्या टपाल कचेरीतही तो मिळतो. टपाल खात्याच्या www.indiapost.gov.in या ठिकाणीही गावाच्या टपाल कचेरीचे नाव घालून शोधता येतो.

दहा वाजता किसनचे उत्तर गेले. साडेदहाला कचेरीचे पत्र आले : "पूर्ण पत्ता मिळाला. पाकीट आज सायंकाळच्या गाडीने निघेल." पाकीट मंगळवारी निघाले. गुरुवारी दुपारी मंगलला ते मिळाले. कुरिअरचा माणूस देवळापर्यंत आला आणि गिरणी सापडेना म्हणून त्याने मंगलला फोन केला. तिचा नंबर पत्त्यात होता, म्हणून हे जमले. शुक्रवारी सकाळी तिने दाखला कचेरीत दाखवला.

७. मु. आणि पो. यांतला फरक

आता एक गोष्ट राहिली. पत्त्यात आपण "मु. पो." असे लिहितो. मु. म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव. पो. म्हणजे पोस्ट, ज्या गावी टपाल कचेरी आहे ते गाव. दोन्ही एकच असतील, तरच "मु. पो." असे जोडून लिहावे.

पण आपली वाडी लहान असली, तर तिथे टपाल कचेरी नसते. शेजारच्या मोठ्या गावची कचेरी वाडीला टपाल वाटते. अशा वेळी दोन्ही नावे वेगळी लिहावीत : "मु. अमुक वाडी, पो. तमुक गाव." पिनकोड वाडीचा नसतो, टपाल कचेरीचा असतो. म्हणून पाच-सहा वाड्यांचा पिनकोड एकच असू शकतो. नुसता पिनकोड लिहिला, तर पाकीट मोठ्या गावापर्यंत येईल, पण कोणत्या वाडीवर न्यायचे ते कळणार नाही. नुसते वाडीचे नाव लिहिले, तर ते मोठ्या गावापर्यंतही येणार नाही.

दूरच्या वाड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. काही पिनकोडांच्या भागात खासगी कुरिअरची माणसे जात नाहीत. मग पत्ता पूर्ण असला, तरी कचेरी लिहिते, "या पिनकोडला आमची सेवा नाही." यात पत्त्याची चूक नसते. अशा वेळी पाकीट तालुक्याच्या कचेरीत ठेवायला सांगून तिथून घ्यावे, किंवा ते टपाल कचेरीतून स्पीड पोस्टाने पाठवावे. पैसे भरण्याआधीच पिनकोड सांगून विचारले, तर हेलपाटा वाचतो.

शब्दांचे अर्थ
अपुरा : पूर्ण नसलेला
दुवा : मोबाइलवर दुसरे पान उघडणारी ओळ
ओटीपी : पैसे देताना मोबाइलवर येणारे गुप्त आकडे, जे कोणालाही सांगायचे नसतात
व्यवस्थापक : कचेरीचा कारभार पाहणारा
हेलपाटा : फुकट गेलेली खेप

प्रश्न
१. किसनच्या पहिल्या निरोपात कोणत्या चार गोष्टी राहिल्या होत्या?
२. कचेरीने पाकीट अंदाजाने का पाठवले नाही?
३. कचेरीचे पत्र खरे आहे, हे किसनने कशावरून ओळखले?
४. खोट्या निरोपातला फोन नंबर का वापरू नये?
५. "पत्ता समाप्त" या शब्दांचा काय उपयोग झाला?

लिहा
आपला पूर्ण पत्ता वहीत लिहा. मु. आणि पो. एकच आहे का, ते आधी विचारून घ्या. पिनकोड लिहा आणि शेजाऱ्याला एकेक आकडा वाचून दाखवा.